उत्तर किती अंकांपर्यंत लिहायचे?

धातूच्या एका तुकड्याचे वस्तुमान 24.5 ग्रॅम आहे. मोजपात्रातल्या पाण्यात तो बुडवल्यावर पाण्याची पातळी 20.0 वरून 29.0 मिलीलिटरवर जाते. त्याची घनता काढायची आहे, पण उत्तर कोणत्या एककात आणि किती अंकांपर्यंत हवे, हे प्रश्नात दिलेले नाही. कॅल्क्युलेटर 2.7222222 दाखवतो. कुणी 2.72 लिहितो, कुणी 2.7, तर कुणी कॅल्क्युलेटरवरचे सगळे आकडे उतरवतो.

प्रश्नात सूचना नसली तरी मापांमध्ये ती दडलेली असते. इथे सगळी खुबी वजाबाकीत आहे. 20.0 आणि 29.0 या दोन्ही मापांत तीन सार्थक अंक आहेत. पण बेरीज-वजाबाकीत सार्थक अंक मोजत नाहीत, दशांश स्थळे पाहतात. दोन्ही मापे एका दशांश स्थळापर्यंत आहेत, म्हणून आकारमान 9.0 मिलीलिटर, आणि त्यात सार्थक अंक दोनच उरतात. भागाकारात मात्र ज्या मापात सार्थक अंक सर्वांत कमी, तितकेच अंक उत्तरात ठेवायचे. त्यामुळे घनता 2.7. तीन अंकी मापे पाहून 2.72 लिहिणाऱ्याची चूक नेमकी या वजाबाकीपाशी होते.

हे पडताळून पाहता येते. आकारमानात 0.1 मिलीलिटरची चूक धरली, तर ते 8.9 ते 9.1 यांच्या दरम्यान असेल आणि घनता 2.69 ते 2.75 यांच्या दरम्यान येईल. म्हणजे दुसऱ्या दशांश स्थळाचाच भरवसा नाही, मग सातव्याची गोष्टच सोडा. सार्थक अंकांचा नियम अर्थात ढोबळ आहे. अधिक काटेकोरपणे 2.72 ± 0.03 असे लिहितात.

एककाबाबत साधी रीत अशी, की मापे ज्या एककांत दिली, उत्तर त्यांतच द्यावे : 2.7 ग्रॅम प्रति घनसेंटीमीटर. एक मिलीलिटर म्हणजेच एक घनसेंटीमीटर. किलोग्रॅम प्रति घनमीटर हवे असेल, तर 2700 पेक्षा 2.7 × 10³ लिहिणे बरे. 2700 मधली शून्ये मोजलेली आहेत की केवळ जागा भरणारी, हे वाचणाऱ्याला कळत नाही. एककच लिहिले नाही, तर 2.7 या आकड्याला काही अर्थ राहत नाही.

शुद्ध गणितात मापनाचा प्रश्न नसतो, म्हणून सूचना नसेल तर अचूक रूपच ठेवावे. 7 सेंटीमीटर त्रिज्येच्या वर्तुळाचे क्षेत्रफळ 49π चौरस सेंटीमीटर. π = 22/7 घेतले तर 154 येते, पण खरी किंमत 153.94 च्या जवळ आहे. पाठ्यपुस्तके π ची किंमत गणितातच देतात, ती याचसाठी.

प्रश्न काढणाऱ्यांनी शेवटी 'उत्तर ग्रॅम प्रति घनसेंटीमीटरमध्ये, दोन सार्थक अंकांपर्यंत द्या' एवढी एक ओळ जोडावी.