चॅटबॉटला "अजून भारी कर" म्हणू नका, मजकूर हातातून जातो

चॅटबॉटकडून जाहिरातीचा मजकूर लिहून घेताना अनेकांना एकच अडचण येते. पहिला मजकूर बरा असतो, पण सुधारायला सांगितलं की तिसऱ्या-चौथ्या वेळी भलतंच काहीतरी समोर येतं. असं का होतं आणि सुधारणा कशी सांगायची, ते आज एका उदाहरणातून बघू.

समजा, आपल्या जिवतीतल्या एका बचत गटाला मोहफुलाचे लाडू विकायचे आहेत. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायला चॅटबॉटने हा मजकूर दिला:

"जिवतीच्या जंगलातली मोहफुलं, गूळ आणि तीळ यांचे घरगुती लाडू. 250 ग्रॅमचा डबा 120 रुपये. आजच ऑर्डर करा आणि निसर्गाच्या गोडव्याचा अनुभव घ्या!"

आता गटातल्या ताई म्हणाल्या, "अजून भारी कर." लगेच उत्तर आलं: "मोहाची जादू! शुगर आणि सांधेदुखीवर रामबाण लाडू!" भाव गायब. ताईंनी सांगितलं, "एवढं नको, साधं कर." मग आलं: "पौष्टिक लाडू मिळतील. संपर्क करा." यात जिवती नाही, मोहफूलही नाही.

कारण सोपं आहे. सुधार म्हटलं की चॅटबॉट बहुतेक वेळा सगळा मजकूर नव्याने लिहितो. त्यातलं काय तुम्हाला आवडलं होतं, हे त्याला तुम्ही सांगितलेलंच नसतं. "भारी" म्हणजे काय, याचा तो अंदाज बांधतो. जाहिरातीत भारी म्हणजे मोठे दावे, असं त्याने हजार ठिकाणी वाचलेलं असतं. आणि हा दावा महागात पडू शकतो. अन्न सुरक्षा व मानके कायदा, 2006 नुसार खाद्यपदार्थाची दिशाभूल करणारी जाहिरात केली तर 10 लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. मजकूर चॅटबॉटने लिहिला, हे कारण तिथे चालत नाही.

मग सांगायचं कसं? पहिल्याच मजकुरावर परत जा आणि असं लिहा:

"पहिली दोन वाक्यं आहेत तशीच ठेव. शेवटचं वाक्य काढ, ते कुठल्याही मालाला चालेल असं आहे. त्याजागी लिही: ऑर्डर बुधवारपर्यंत, डबा शनिवारी गडचांदूरला मिळेल. गिऱ्हाईक विचारतं, मोहाचे म्हणजे दारू असते का? त्याचं उत्तर एका वाक्यात दे: फुलं वाळवून, भाजून घेतो, लाडवात दारू नसते. आजार बरा होण्याचा दावा नको."

यात चार गोष्टी आहेत. काय ठेवायचं, काय काढायचं, का काढायचं आणि त्याजागी कोणती खरी माहिती घालायची. "का" सांगितलं की तसंच दुसरं पोकळ वाक्य येण्याची शक्यता कमी होते. आणि दारूचा प्रश्न आपल्या भागात येणारच. शेजारच्या गडचिरोलीत 1993 पासून दारूबंदी आहे, तिथल्या गिऱ्हाइकाला ही शंका आधी येईल. पण हे चॅटबॉटला आपोआप सुचेल असं नाही, ते दुकानात बसणाऱ्यालाच माहीत असतं.

नवीन मजकूर आला की लगेच पाठवू नका. जुना आणि नवा शेजारी ठेवून एकेक ओळ वाचा. भाव, वजन, वार, गावाचं नाव, फोन नंबर हे बोट ठेवून तपासा. "काय बदललं ते सांग" असं त्याला जरूर विचारा, पण त्यावर विसंबू नका. काही बदललं नाही असं सांगून तो कधीकधी एखादा शब्द बदललेला असतो. आणि एका वेळी दोन-तीनच बदल सांगा. दहा सांगितले तर दोन राहून जातात, आणि कोणते राहिले ते शोधण्यात आपलाच वेळ जातो.

तरीही मजकूर भरकटला, तर त्याच गप्पांमध्ये ओढाताण करू नका. तुम्ही नाकारलेले सगळे मजकूर तिथेच असतात आणि त्यांचे शब्द पुन्हापुन्हा वर येतात. त्यापेक्षा नवीन चॅट उघडा, सगळ्यात चांगला मजकूर तिथे पेस्ट करा, आणि त्याखाली फक्त उरलेला बदल लिहा. यासाठी आवडलेला प्रत्येक मजकूर मोबाईलच्या नोट्समध्ये ठेवत जा.

थांबायचं कधी? कोणतं वाक्य चुकतंय ते बोट ठेवून सांगता येत नसेल, नुसतं "मजा नाही येत" एवढंच वाटत असेल, तेव्हा चॅटबॉटला काही सांगू नका. मजकूर दोन गिऱ्हाइकांना वाचून दाखवा. ते जो प्रश्न विचारतील, तीच तुमची पुढची सुधारणा.

तुमचा एखादा मजकूर असाच भरकटला असेल तर पहिला आणि शेवटचा, दोन्ही कमेंटमध्ये टाका. पुढच्या व्हिडिओत त्यातलाच एक घेऊन दुरुस्त करू.