उधारी वाढवून मागणारं पत्र : आधी त्याचा खर्च मांडा

वाढत्या दुकानाचा मालक पुरवठादाराला पत्र लिहितो तेव्हा जास्त दिवसांची उधारी आणि जास्त मालावरची सूट एका दमात मागतो. दोन्हींचे पैसे समोरच्याच्याच खिशातून जातात. समजा, मसाल्याच्या छोट्या कारखान्याकडून तुमची खरेदी महिना २ लाखांवरून ३ लाखांवर गेली आणि १५ दिवसांची मुदत ४५ करून हवी आहे. वर्षाला १२ टक्के व्याज धरलं, तर वाढीव ३० दिवस त्याला ३,००० रुपयांना पडतात, म्हणजे बिलाचा १ टक्का. वर सगळ्या मालावर २ टक्के सूट मागितली की आणखी ६,००० गेले. म्हणून पत्रात लिहावं : ‘मुदत ४५ दिवस करावी, महिना २ लाखांपुढच्या खरेदीवरच २ टक्के सूट, तिमाहीअखेर क्रेडिट नोटने.’ सुटीचा बोजा २,००० वर येतो, आणि खरेदी पुन्हा २ लाखांवर आली तर त्याला सूट द्यावी लागत नाही.

कुणी म्हणेल, घासाघीस होणारच, मग जास्तच मागावं. पण न परवडणारी सूट पुढच्या दरपत्रकात भरून निघते, नाहीतर मुदत संपत आलेला माल तुमच्याकडे येतो. पाकिटावरच्या तारखा पाहिल्या की कळतं. ६० दिवस तर मागूच नयेत. नोंदणीकृत सूक्ष्म-लघु उत्पादकासाठी २००६ च्या कायद्याने लेखी करारातही ४५ दिवसांचीच कमाल मर्यादा घातली आहे, आणि करार नसेल तर १५ दिवसांची.