पंपाच्या पुस्तिकेत कोणता शब्द चालेल?

सेंट्रिफ्यूगल पंपाच्या इंग्रजी पुस्तिकेत एक साधी सूचना असते: ग्लँड इतकेच आवळा, की पॅकिंगमधून पाणी थेंब थेंब ठिबकत राहील. यंत्राने केलेल्या मराठी मसुद्यात ग्लँडची ‘ग्रंथी’ झाली, तर ती चूक कुणाच्याही डोळ्यांत खुपेल. खरा घोळ पॅकिंगच्या जागी ‘सील’ आल्यावर होतो, कारण वाक्य वाचायला बिनचूक वाटते. मेकॅनिकल सीलमधून पाणी गळू लागले तर तो बिघाड. ग्लँड पॅकिंगमधून मात्र थोडे ठिबकलेच पाहिजे, त्या पाण्यानेच ते थंड राहते. सील समजून कुणी गळती थांबेपर्यंत नट आवळले, तर पॅकिंग जळते आणि शाफ्टवरच्या स्लीव्हला ओरखडे पडतात.

म्हणून शब्दसूचीत आधी वस्तू काय आहे ते एका ओळीत लिहावे आणि मग तिचे नाव ठरवावे. पॅकिंगची नोंद अशी होईल: ‘शाफ्टभोवती गुंडाळलेली, ग्लँडने दाबलेली दोरी. मान्य: ग्लँड पॅकिंग. वर्ज्य: सील, वेष्टन.’ शेजारी वर्ज्य करण्याचे कारणही हवे. ते नसेल तर पुढचा संपादक तोच शब्द सदिच्छेने परत आणतो. मान्य शब्द पंप दुरुस्त करणाऱ्या मेकॅनिकला विचारून ठरवावा. कोशातला शुद्ध शब्द त्याला अनोळखी असेल, तर पुस्तिकेत त्याचा उपयोग नाही.

नोंदीत लिंगही लिहावे. ‘शिक्का खराब झाला असेल तर तो बदला’ या वाक्यात फक्त शब्द बदलून भागत नाही. ‘सील खराब झाले असेल तर ते बदला’ असे सगळे वाक्य हलते. त्यामुळे एका फटक्यात सगळीकडे शब्द बदलण्याचा मोह टाळावा.

वर्ज्य शब्द शोधतानाही मराठीची रूपे आडवी येतात. ‘शिक्का’ शोधला, तर ‘शिक्के’ आणि ‘शिक्क्यातून’ निसटतात. ‘शिक्क’ एवढेच शोधले, की तिन्ही सापडतात. पण वॉरंटी कार्डावरचा ‘दुकानदाराचा शिक्का’ही सापडतो, आणि तो तिथे बरोबरच आहे. यावर उपाय म्हणजे बंदी मूळ इंग्रजी शब्दाला बांधणे. इंग्रजी वाक्यात सील असेल तेव्हाच ‘शिक्क’वर खूण यावी, आणि पॅकिंग असेल तेव्हा ‘सील’वर. असा नियम केला, की वरकरणी निर्दोष दिसणारे ते पॅकिंगचे वाक्यही पकडले जाते. एकाच वाक्यात पॅकिंग आणि सील दोन्ही असतील, तर खूण विनाकारण उमटेल. तिथे निर्णय संपादकानेच वाचून घ्यायचा.

सूची करायला बसाल तेव्हा देखभाल आणि सुरक्षिततेच्या प्रकरणांतले शब्द आधी घ्या. बाकीचे नंतर भरता येतात.