पाव किलो की पाव भाग?

रत्नागिरी जिल्ह्यात शास्त्री नदी जेथे समुद्राला मिळते, तेथे खाडीच्या मुखाशी जयगड वसले आहे. अशा गावातील तिसरी-चौथीच्या मुलाला किराणा आणायला पाठवले, तर ‘पाव किलो साखर’, ‘दीड किलो तांदूळ’ हे शब्द तो सहज बोलतो. पण तेच शब्द वहीतल्या शाब्दिक उदाहरणात आले की तो अडखळतो. असे का होते? तुमच्या धाकट्या भावंडासाठी अपूर्णांकांची उदाहरणे तुम्हालाच तयार करावयाची असतील, तर त्याची कारणे आधी पाहू या.

हे उदाहरण घ्या. दुकानात २ किलो साखर होती. तिच्यातील पाव किलो विकली. किती उरली? उत्तर पावणेदोन किलो. आता एकच शब्द बदला. दुकानात २ किलो साखर होती. तिच्यातील पाव भाग विकला. किती उरली? दोन किलोंचा पाव भाग म्हणजे अर्धा किलो, म्हणून उत्तर दीड किलो.

‘पाव किलो’ हे एक ठरलेले वजन आहे. पोत्यातून काढा की पुडीतून, ते २५० ग्रॅमच भरणार. ‘पाव भाग’ हे मात्र वजन नव्हे. तो कशाचा भाग, हे कळल्याखेरीज त्याला अर्थ येत नाही. पहिल्यात वजाबाकी पुरते, दुसऱ्यात आधी भाग काढावा लागतो. बाजारात मूल बहुधा पहिलाच अर्थ ऐकते, पुस्तकात दोन्ही येतात. म्हणून ‘पाव साखर विकली’ असे अर्धवट वाक्य उदाहरणात कधीही लिहू नका. त्याची दोन उत्तरे निघतात, आणि ज्या मुलाचे उत्तर सूचीशी जुळत नाही त्याला विनाकारण चूक मिळते.

आता आकडे कसे निवडावेत ते पाहू. तूरडाळ १६० रुपये किलो आहे. पाऊण किलोचे किती? १६० चे चार समान भाग केले की प्रत्येक भाग ४० रुपयांचा. असे तीन भाग म्हणजे १२० रुपये. अर्ध्याचे ८० आणि पावाचे ४० अशी बेरीज करूनही तेच उत्तर येते. जुन्या मराठी शाळांतून पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी अशी पाढ्यांची मालिकाच पाठ करून घेत. ती याच हिशेबांसाठी होती.

समजा, डाळ १६२ रुपये धरली असती तर? पाव किलोचे ४० रुपये ५० पैसे झाले असते. चार आण्यांचे, म्हणजे २५ पैशांचे नाणे तर ३० जून २०११ पासून चलनातूनच गेले आहे. अशा वेळी दुकानदार चाळीस किंवा एक्केचाळीस घेतो, आणि मुलाचे दुकानातले उत्तर व वहीतले उत्तर वेगळे पडते. यासाठी साधा नियम असा: पाव किंवा पाऊण विचारायचे असेल, तर भावाला ४ ने नि:शेष भाग जावा.

वस्तूही अपूर्णांकाला साजेशी हवी. एक किलोचा एक तृतीयांश म्हणजे ३३३ ग्रॅम आणि वर ग्रॅमचा तिसरा भाग. असे वजन कोणी मागत नाही. पण एक डझन केळ्यांचा एक तृतीयांश म्हणजे चार केळी. एक तृतीयांश शिकवायचा असेल तर डझनाकडे वळावे, पाव शिकवायचा असेल तर किलोकडे. पाव किलोचीही एक गंमत आहे. दुकानातील मेट्रिक वजने ५०, १००, २००, ५०० ग्रॅम अशी असतात. त्यांत २५० चे वजन नसते. म्हणून पाव किलोसाठी २०० आणि ५० अशी दोन वजने ठेवावी लागतात. ‘पाव’ हा शब्द त्या वजनांहून जुना आहे. ८० तोळ्यांच्या शेराचा चौथा भाग म्हणजे २० तोळ्यांचा पावशेर; तेथून तो किलोकडे आला. आणखी एक घोटाळा लक्षात ठेवा. पाव किलोलाच आपण ‘अडीचशे ग्रॅम’ म्हणतो. ‘अडीच’ ऐकून लहान मूल ते पाव किलोहून पुष्कळ जास्त समजते. म्हणून दोन्ही नावे एकदा शेजारी शेजारी लिहून दाखवावीत.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट, उत्तरसूची. पुढील उदाहरण वरवर निर्दोष दिसते. आईने २४० रुपये नेले. निम्मे मासळीला खर्च केले. उरलेल्यांपैकी एक तृतीयांश भाजीला दिले. शिल्लक किती? मासळीला १२०, उरले १२०, भाजीला ४०, शिल्लक ८०. परंतु ‘उरलेल्यांपैकी’ हा शब्द ज्याने वाचलाच नाही, तो २४० चा एक तृतीयांश काढतो. तो ८० येतो. तेथेच थांबून त्याने ८० लिहिले, की सूचीप्रमाणे उत्तर बरोबर! मुलाला काहीच कळलेले नाही, आणि शिक्षकांना ते समजत नाही.

यावर उपाय सोपा आहे. एक तृतीयांशाऐवजी एक चतुर्थांश घ्या. मासळीला १२०, उरलेल्या १२० पैकी भाजीला ३०, शिल्लक ९०. आता चूक करणारा मुलगा भाजीला २४० चा चौथा भाग म्हणजे ६० धरील आणि त्याची शिल्लकही ६० च येईल. ९० दिसले तर समजले, ६० दिसले तर ‘उरलेल्यांपैकी’ हा शब्द निसटला, हे सूचीवरूनच कळते. उदाहरण तयार केल्यावर ते नेहमीच्या चुकीच्या रीतीनेही एकदा सोडवून पाहावे आणि तेही उत्तर सूचीत लिहावे. सोबत ताळाही द्यावा: १२० + ३० + ९० = २४०.

या रीतीने केलेली पाच उदाहरणे पुढे दिली आहेत.

१. आमसुले ४८० रुपये किलो. पाव किलोचे किती?

२. घरात ३ किलो कांदे होते. (अ) त्यातील पाव किलो वापरले, (आ) त्यांचा एक तृतीयांश भाग वापरला, तर प्रत्येक वेळी किती उरतील?

३. तांदूळ ६० रुपये किलो. अडीच किलोचे किती?

४. केळी ६० रुपये डझन. एक तृतीयांश डझन म्हणजे किती केळी व किती रुपये?

५. गणपतीच्या खरेदीसाठी ३६० रुपये होते. एक तृतीयांश फुलांना दिले. उरलेल्यांपैकी एक चतुर्थांश नारळांना दिले. शिल्लक किती?

उत्तरे

१. १२० रुपये. ताळा: १२० × ४ = ४८०.

२. (अ) पावणेतीन किलो, (आ) २ किलो. दोन्हींत पावणेतीन लिहिले, तर ‘भाग’ हा शब्द समजलेला नाही.

३. १५० रुपये. दोन किलोंचे १२० आणि अर्ध्याचे ३०.

४. ४ केळी, २० रुपये. ताळा: २० × ३ = ६०.

५. १८० रुपये. ताळा: १२० + ६० + १८० = ३६०. उत्तर १५० आले, तर नारळांचा भाग सगळ्या ३६० रुपयांवर काढला आहे.