सिगारेट, डॉक्टर आणि १.४३

१९५१ साली रिचर्ड डॉल आणि ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी ब्रिटनमधल्या डॉक्टरांना पत्रं पाठवून त्यांच्या धूम्रपानाच्या सवयी विचारल्या, आणि पुढे कोण कशाने दगावतो याची नोंद ठेवली. त्यातल्या पुरुष डॉक्टरांच्या हृदयविकाराने झालेल्या मृत्यूंचा तक्ता संख्याशास्त्राच्या पुस्तकांत आजही भेटतो. ओढणाऱ्यांत ६३० मृत्यू, न ओढणाऱ्यांत १०१.

पण ओढणारे होतेच जास्त. म्हणून मृत्यूंना व्यक्ती-वर्षांनी भागायचं. एक माणूस एक वर्ष नजरेखाली राहिला की एक व्यक्ती-वर्ष. ओढणाऱ्यांची १,४२,२४७ आणि इतरांची ३९,२२० व्यक्ती-वर्षं. दर हजारी ४.४३ आणि २.५८ निघतो, म्हणजे १.७२ पट. आता शंका अशी, की यात वयाचा वाटा किती? ओढणारे सरासरीने थोडे वयस्करही होते.

इथे प्वासाँ रिग्रेशन लागतं. मृत्यूंची संख्या शून्याखाली जाऊ शकत नाही, आणि वय किंवा सिगारेट धोक्यात भर घालण्याऐवजी त्याला गुणते, असं हे मॉडेल मानतं. म्हणून ते अपेक्षित मृत्यूंच्या लॉगवर चालतं. व्यक्ती-वर्षांचा लॉग त्यात तसाच, सहगुणक १ ठेवून, घालायचा. तो विसरलात तर मॉडेल दर सोडून नुसत्या संख्यांची तुलना करत बसतं.

वयाचे पाच गट घालून गणित केलं की धूम्रपानाचा सहगुणक ०.३५५ येतो. हा आकडा लॉगमधला आहे. ‘धोका ३५ टक्के जास्त’ असा तो वाचणं चूक. त्याचा घातांक घ्यायचा: e^0.355, म्हणजे १.४३. हेच दरांचं गुणोत्तर: एकाच वयोगटात ओढणाऱ्यांचा मृत्युदर १.४३ पट, म्हणजे ४३ टक्क्यांनी जास्त. सहगुणक लहान असला तर चूक खपून जाते, मोठा असला की हसं होतं: ७५ ते ८४ वयोगटाचा सहगुणक ३.७० आहे, आणि ३५ ते ४४ च्या तुलनेत तो दर ४० पट होतो. धूम्रपानाच्या गुणोत्तराची ९५ टक्के विश्वासमर्यादा १.१५ ते १.७६. ती आधी लॉगवर काढून मग घातांक घेतलेली असते, म्हणून १.४३ तिच्या बरोबर मध्यावर नसतो.

मग १.४३ हेच अंतिम उत्तर? मला तसं वाटत नाही. मॉडेलने काय भाकीत केलं ते तक्त्याशी ताडून पाहा. न ओढणाऱ्या ३५ ते ४४ वयाच्या डॉक्टरांत ते सुमारे ७ मृत्यू सांगतं, झाले २. पंचाहत्तरीपुढच्या न ओढणाऱ्यांत साडेएकवीस सांगतं, झाले ३१. अशा तफावतींची गोळाबेरीज, म्हणजे डेव्हिअन्स, १२.१ भरते, मॉडेल नीट बसलं असतं तर ती ४ च्या आसपास असती. गट वेगवेगळे पाहिले तर कारण दिसतं. सर्वांत तरुण गटात गुणोत्तर ५.७ आहे, सर्वांत वृद्ध गटात ०.९. वयाप्रमाणे बदलणाऱ्या गुणोत्तराला मॉडेलने एकाच आकड्यात कोंबलं होतं. धूम्रपान आणि वय यांचा गुणाकार मॉडेलमध्ये घालून हे सुधारता येतं. मात्र त्या ५.७ वरही फार विसंबू नये, कारण त्याच्या छेदात फक्त दोन मृत्यू आहेत.