तीन नंबरचा दिवा

"आजी, कुठला दिवा लागलाय?"
"सगळेच लागलेत रे. मधला एक तेवढा विझलाय. त्याचंच काहीतरी बिघडलं असंल."

मुंबईहून शिवथरला लावलेल्या फोनवर हे संभाषण वरचेवर व्हायचं. इंटरनेटच्या मोडेमच्या डबीवरचा मधला तो दिवा एलओएसचा, म्हणजे तारेतून येणारा उजेड हरवल्याचा. सगळं ठीक असताना तो विझलेलाच असतो. लागला तर तो लाल लागतो. आजीचा जन्म मात्र दिवा लागला की बरं आणि विझला की वाईट, या हिशेबात गेलेला. आजी-आजोबांसाठी मोठ्या अक्षरांचा सूचनांचा कागद करायला बसलो तेव्हा हीच उलटी गोष्ट सर्वांत वर लिहायची ठरवली.

डबीवरची नावं इंग्रजीत, मुंगीएवढ्या अक्षरांत. ती वाचायला शिकवण्यापेक्षा प्रत्येक दिव्याखाली १, २, ३, ४ असे मराठी आकडे चिकटवणं सोपं गेलं. आमच्या डबीत १ विजेचा, २ लाइन जोडल्याचा (पॉन), ३ तो एलओएस आणि ४ वायफायचा. दुसऱ्या कंपनीच्या डबीत हा क्रम वेगळा असतो, म्हणून कागद आपल्या डबीकडे बघूनच करावा लागतो. रंगांवरही फार भिस्त ठेवली नाही. मोतीबिंदू वाढला की रंग मळकट दिसतात, त्यामुळे हिरवा की निळा असं विचारण्यात अर्थ नाही. पण लागलाय, विझलाय की लुकलुकतोय, हे दोघांनाही कळतं.

छापताना अक्षराचा आकार ठरवावा लागला. हातात धरून वाचायला १८ पॉइंट चालतात, पण हा कागद भिंतीवर, हातभर लांब राहणार. शिवाय मराठी अक्षराला वर-खाली मात्रा, वेलांट्या, उकार असतात. ओळी दाटल्या की 'बंद'वरचा अनुस्वार वरच्या ओळीच्या उकारात मिसळून जातो. म्हणून ठळक ३६ पॉइंट घेतले आणि दोन ओळींत भरपूर जागा सोडली. एका पानात मावेना, तेव्हा अक्षर न घटवता मजकूर कापला. लॅमिनेशन केलं तर ट्यूबलाइटची तिरीप कागदावर चमकते, न करावं तर इथल्या पावसात कागद सादळतो आणि इंकजेटची शाई फुटते. शेवटी महाडला लेझर प्रिंट काढून घेतली, पुठ्ठ्यावर चिकटवली आणि न चमकणाऱ्या प्लास्टिकमध्ये घातली.

कागदावर उरलं ते एवढं:

३ नंबर विझलेला हवा.
३ नंबर लाल? बटण बंद करू नका. फोन करा.
३ विझलेला, तरी नेट नाही? हात कोरडे करा. लाल पट्टीचं बटण बंद करा. शंभर आकडे मोजा. चालू करा. पाच मिनिटं हात लावू नका.

शंभर आकडे यासाठी की, बटण बंद केल्यावरही डबीत थोडी वीज काही क्षण राहते. लगेच चालू केलं तर डबी कधी कधी धड बंदच झालेली नसते. पाच मिनिटांची ताकीद आजोबांसाठी आहे. वीज येताच १ लागतो, पण २ बराच वेळ लुकलुकत राहतो. तेव्हा डबी कंपनीच्या यंत्राला आपली ओळख पटवत असते. 'अजून लागत नाही' म्हणून मध्येच पुन्हा बंद केलं की सगळं पहिल्यापासून. बोर्डावर पंखा, टीव्ही आणि मोडेमची बटणं शेजारी-शेजारी आहेत, म्हणून मोडेमच्या बटणावर लाल चिकटपट्टी लावली. मागच्या बारीक भोकातलं रिसेटचं बटण मात्र चिकटपट्टीखाली झाकून टाकलं. टाचणीने ते दाबून धरलं तर जोडणीची नावं आणि पासवर्ड पुसले जातात आणि कंपनीचा माणूस घरी येईपर्यंत नेट बंद राहतं.

३ लाल झाला की बंद-चालू करून बहुधा काहीच साधत नाही. इथे तार खांबांवरून, झाडांतून येते. पावसाळ्यात फांदी पडली की ती तुटते. घरात एकच गोष्ट बघायची: कपाटामागे बारीक तार मुडपली तर नाही ना? काचेचा तो तंतू घट्ट वळला की उजेड बाहेर सांडतो. तार हळूच मोकळी करायची, पण तिचं हिरवं टोक उपसायचं नाही आणि त्यात डोकवायचंही नाही. आतला लेझर डोळ्यांना दिसत नाही.

श्रावणात असाच फोन आला. "तीन नंबर लाल हाय, कपाट सरकवून बघितलं," आजी म्हणाली. तेवढ्यावर थेट लाइनमनला कळवता आलं. वाडीच्या वळणावर तार तुटली होती.

विजांच्या गडगडाटाचं तेवढं कागदावर मावलं नाही, ते तोंडी सांगितलं. काचेच्या तंतूतून वीज शिरत नाही, पण विजेच्या लाइनवरून शिरते आणि अ‍ॅडॉप्टर जळतो. नुसतं बटण बंद करणं पुरत नाही. गडगडाट सुरू व्हायच्या आधीच बटण बंद करून, तार न ओढता, अ‍ॅडॉप्टर धरून काढायचा.

आणि सगळे दिवे कागदाप्रमाणे असूनही नेट नसेल, तर आधी रिचार्ज संपलाय का ते मी इथून बघतो.