तिसरा बाण कशासाठी?

संगणक-जाळ्यांविषयीच्या जवळजवळ प्रत्येक पुस्तकात एक आकृती असते. डावीकडे क्लायंट, म्हणजे मागणी करणारा संगणक, उजवीकडे सर्व्हर, म्हणजे ती पुरवणारा, आणि दोघांमध्ये तीन तिरपे बाण. खाली लिहिलेले असते 'टीसीपीचे त्रिपदी हस्तांदोलन'. विद्यार्थी आकृती पाठ करतात. पण एखादा चौकस विद्यार्थी विचारतो, "एकाने विचारले, दुसऱ्याने हो म्हटले. मग तिसरा बाण कशाला?" प्रश्न अगदी योग्य आहे, आणि त्याचे उत्तर शोधताना टीसीपीचा गाभाच हाती लागतो.

आधी हे लक्षात घेऊ की खालचे जाळे कसलीही हमी देत नाही. त्यात टाकलेले पाकीट हरवू शकते, उशिरा पोचू शकते, मागचे पुढे होऊ शकते, एकाचे दोनही होऊ शकतात. अशा बेभरवशाच्या वाटेवरून एक अखंड, क्रमवार मजकूर पोचवायचा आहे. त्यासाठी टीसीपी एक साधी युक्ती वापरते : पाठवलेल्या प्रत्येक बाइटला क्रमांक द्यायचा. क्रमांक पाकिटाला नव्हे, बाइटला. पाकिटावर फक्त त्यातल्या पहिल्या बाइटचा क्रमांक लिहिलेला असतो. दोन्ही बाजू मजकूर पाठवू शकतात, म्हणून क्रमांकांच्या मालिकाही दोन असतात. मालिका कुठून सुरू होणार हे ज्याचे तो ठरवतो आणि दुसऱ्याला कळवतो. हस्तांदोलन म्हणजे मुख्यतः हे कळवणे.

समजा क्लायंटने १००० हा आकडा निवडला आणि सर्व्हरने ५०००.

```
क्लायंट                            सर्व्हर
  |--- SYN      seq=1000 ------------>|
  |<-- SYN,ACK  seq=5000 ack=1001 ----|
  |--- ACK      seq=1001 ack=5001 --->|
```

पहिल्या बाणातला 'सिन' म्हणतो, "माझी मोजणी १००० पासून." दुसऱ्या बाणात दोन गोष्टी एकत्र आहेत : "तुमचे १००० मिळाले, आता १००१ची वाट पाहतो" ही पोचपावती, आणि "माझी मोजणी ५००० पासून" ही स्वतःची घोषणा. तिसरा बाण त्या घोषणेची पोच देतो. पोचपावतीचा अर्थ इथे नीट धरून ठेवावा. तिच्यावरचा आकडा मिळालेल्या शेवटच्या बाइटचा नसून, पुढे हव्या असलेल्या बाइटचा असतो. सिनमध्ये सहसा मजकूर नसतो, तरी त्याला मालिकेतला एक क्रमांक खर्ची घालतात. तसे केले नाही तर तो पोचला की नाही हे पोचपावतीवरून कळणारच नाही.

आता चौकस विद्यार्थ्याकडे वळू. क्लायंटने पूर्वी कधीतरी ९० या आकड्याने सिन पाठवला होता. तो वाटेत रेंगाळला, क्लायंटने नाद सोडला. काही वेळाने ते जुने पाकीट सर्व्हरच्या दारात येऊन उभे राहते. सर्व्हरला ते जुने आहे हे कळायला मार्ग नाही. दोनच बाणांची पद्धत असती तर उत्तर पाठवून सर्व्हर जोडणी झाली असे समजला असता आणि नसलेल्या गिऱ्हाइकासाठी दुकान मांडून बसला असता. तीन बाणांच्या पद्धतीत तो "९१ची वाट पाहतो" असे कळवतो आणि थांबतो. क्लायंट पाहतो की ९१शी आपला काही संबंध नाही, आणि 'रिसेट' पाठवून प्रकरण तिथेच संपवतो. तिसरा बाण हा 'होय, हे मागणे माझेच आणि आत्ताचेच' असा दुजोरा आहे.

याच कारणाने मोजणी दरवेळी शून्यापासून करत नाहीत. तशी केली असती तर जुन्या जोडणीतले भटके पाकीट नव्या जोडणीत सहज खपून गेले असते. १९८१च्या नियमपत्रात सुचवले होते की दर ४ मायक्रोसेकंदांनी एकने वाढणाऱ्या घड्याळावरून आरंभाचा आकडा घ्यावा. क्रमांक ३२ बिटांचा, म्हणजे सुमारे ४२९ कोटी आकडे. ते एकदा संपायला या गतीने पावणेपाच तास लागतात. (विद्यार्थ्यांना हा भागाकार जरूर करायला लावावा.) पण घड्याळाचा आकडा परक्यालाही ओळखता येतो आणि त्या आधारे दुसऱ्याच्या नावाने जोडणी करता येते, हे रॉबर्ट मॉरिस यांनी १९८५ मध्ये दाखवले. म्हणून आज त्या आकड्यात गुप्त किल्लीवरून काढलेला, बाहेरच्याला न ओळखता येणारा भाग मिसळतात.

जोडणी झाली. क्लायंट १०० बाइटांची मागणी पाठवतो, क्रमांक १००१ ते ११००. सर्व्हर ११०१ अशी पोच देतो आणि ६०० बाइटांचे उत्तर तीन पाकिटांत धाडतो. त्यांवर ५००१, ५२०१ आणि ५४०१ हे आकडे आहेत. मधले हरवले असे धरू. पहिले मिळताच क्लायंट ५२०१ची पोच देतो. तिसरे आल्यावर तो काय म्हणेल? पुन्हा ५२०१च. ५४०१ पासूनचे बाइट त्याच्याकडे जपून ठेवलेले असतात, पण मधली खाच भरेपर्यंत पोचेचा आकडा पुढे सरकत नाही. जास्तीच्या अशा तीन पोचपावत्या आल्या असत्या तर सर्व्हरने लगेच ओळखले असते. इथे एकच आली, म्हणून तो साधारणपणे आपल्या घड्याळाची मुदत संपेपर्यंत थांबतो आणि ५२०१चे पाकीट पुन्हा पाठवतो. ते पोचताच पोच एकदम ५६०१वर उडी घेते.

जोडणी मिटवताना बाण चार लागतात.

```
  |--- FIN,ACK  seq=1101 ack=5601 --->|
  |<-- ACK      seq=5601 ack=1102 ----|
  |<-- FIN,ACK  seq=5601 ack=1102 ----|
  |--- ACK      seq=1102 ack=5602 --->|
```

'फिन'चा अर्थ "माझे बोलणे संपले" एवढाच, "तुमचेही संपले" असा नाही. सुरुवातीला सर्व्हरजवळ मध्ये सांगण्यासारखे काही नव्हते, म्हणून पोच आणि घोषणा एका पाकिटात गेल्या. शेवटी मात्र त्याच्याकडे पाठवायचा मजकूर उरलेला असू शकतो, म्हणून दुसरा आणि तिसरा बाण वेगळे. काही उरले नसेल तर ते प्रत्यक्षात अनेकदा एकत्रही जातात. फिनलाही सिनसारखाच एक क्रमांक लागतो, हे वरच्या आकड्यांवरून दिसेल.

चौथा बाण हरवला तर? सर्व्हर आपला फिन पुन्हा पाठवेल आणि त्याला पोच द्यायला कोणीतरी हजर हवे. म्हणून आधी निरोप घेणारी बाजू शेवटची पोच दिल्यावरही काही काळ जोडणीची नोंद ठेवते. नियमाप्रमाणे हा काळ पाकिटाच्या कमाल आयुष्याच्या दुप्पट, म्हणजे ४ मिनिटे. लिनक्समध्ये तो ६० सेकंद आहे. तेवढ्यात वाटेतली जुनी पाकिटेही मरून जातात.

हे सारे शाळेच्या संगणकावर पाहता येते. ब्राउझरमध्ये दोन-चार पाने उघडून ही आज्ञा द्यावी :

```
netstat -an
```

ESTABLISHED म्हणजे चालू जोडणी. TIME_WAIT म्हणजे वर सांगितलेली निरोपानंतरची वाट पाहणी. ती पाहून घाबरू नये, ती आपोआप संपते. SYN_SENT बराच वेळ दिसत राहिले तर पहिला बाण गेला पण उत्तर आले नाही, म्हणजे बहुधा समोरचा संगणक बंद आहे किंवा वाटेत कोणी पाकिटे अडवतो आहे. CLOSE_WAITच्या ओळी मात्र वाढत चालल्या तर दोष जाळ्यात शोधू नये. समोरच्याचा फिन आला आहे, त्याची पोचही गेली आहे, पण आपल्याच संगणकावरचा एखादा कार्यक्रम जोडणी बंद करायला विसरला आहे, आणि तो बंद होईपर्यंत त्या ओळी तशाच राहतील.